बोटीवर रागीट ठरणारा चेहरा

प्रश्न: नमस्कार सर. मी डिचोलीचा, क्रूझवर हाउसकीपिंगला आहे. पहिला कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलोय. एकही केबिन उशिरा दिली नाही, कुणाशी आवाज चढवून बोललो नाही. तरी पाहुण्यांच्या शेऱ्यांत दोनदा 'अनफ्रेंडली' आणि एकदा 'रागावल्यासारखा दिसतो' असं आलं. पाहुणे बहुतेक अमेरिकन. माझा चेहराच असा आहे, आणि दिवसभर खोटं हसणं मला जमत नाही. पुढच्या कॉन्ट्रॅक्टआधी काय करू?

उत्तर:

दिवसभर हसायची गरज नाही. अमेरिकन पाहुण्याची नजर तुमच्या चेहऱ्यावर तीन जागी थांबते: कॉरिडॉरमध्ये समोरून येताना, केबिनच्या दारात, आणि तो काही तक्रार सांगत असताना. पहिल्या दोन जागी त्याला हसू हवं असतं. तिसऱ्या जागी ते अजिबात नको असतं. आपल्याकडून बोटीवर जाणाऱ्या बऱ्याच मुलांचं नेमकं उलटं होतं. कॉरिडॉरमध्ये चेहरा कोरा राहतो आणि तक्रार ऐकताना अवघडल्यामुळे ओठांवर हसू येतं. हा क्रम बदलला की शेरे बदलतात. त्यासाठी स्वभाव बदलावा लागत नाही.

आधी हे नीट समजून घ्या की तुमचा चेहरा घरी कुणाला खटकत नाही, कारण घरी ओळख दाखवायचं काम चेहरा करतच नाही. डिचोलीच्या बाजारात ओळखीचं माणूस दिसलं की आपण मान किंचित वर करतो आणि विचारतो, "काय, कुठे निघालात?" किंवा कोकणीत "खंय?" प्रश्न विचारला, आपुलकी पोचली. अनोळखी माणूस दिसला तर नजर शांतपणे बाजूला जाते. अनोळखी बाईकडे पाहून हसणं तर सरळसरळ आगाऊपणा. वडीलधारे बोलत असले की डोळे खाली, ओठ मिटलेले. लहानपणी विनाकारण हसलो की "उगाच दात काढू नको" हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. म्हणजे तुम्ही बोटीवर जे करत होता ते आपल्या घरच्या रीतीप्रमाणे अदबीचंच होतं. ते वाचणारा माणूस मात्र दुसऱ्या शाळेत शिकलेला होता.

अमेरिकन माणसाला अनोळखी चेहऱ्यावर हसू का लागतं, याचं एक पटणारं कारण संशोधकांनी २०१५ साली मांडलं. ज्या देशांत गेल्या पाचशे वर्षांत अनेक देशांतून माणसं येऊन वसली, तिथे भावना चेहऱ्यावर अधिक उघड दाखवायची रीत आढळते. शेजारी वेगळी भाषा बोलतो, त्याचे रीतिरिवाज माहीत नाहीत, त्याचं गाव-घर ठाऊक नाही. अशा वेळी 'माझ्यापासून तुला धोका नाही' हे सांगायला चेहरा हेच साधन हाताशी उरतं. आपल्याकडे समोरचा कुठल्या वाड्यावरचा, कुणाचा मुलगा, हे दोन वाक्यांत कळतं, त्यामुळे चेहऱ्यावर एवढा भार कधी पडला नाही. अमेरिकन पाहुण्याला कॉरिडॉरमधलं हसू म्हणजे फार मोठं प्रेम वाटत नाही. ती एक साधी पोच असते. पोच मिळाली नाही तर मात्र तो कारण शोधू लागतो, आणि सगळ्यात सोपं कारण म्हणजे हा माणूस रागावलाय.

आता चेहऱ्याकडे येऊ. आपल्यापैकी अनेक जण डोळ्यांनी हसतात. ओठ मिटलेले, गाल जेमतेम हललेले, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात चमक आलेली. घरच्यांना ते लगेच दिसतं. अमेरिकन माणूस चेहरा वाचताना तोंडाकडे अधिक पाहतो. जपानी आणि अमेरिकन लोकांची तुलना करणाऱ्या २००७ सालच्या अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसला: जपानी डोळ्यांवरून भाव ओळखत होते, अमेरिकन तोंडावरून. मोबाइलवरच्या जुन्या खुणांतही हेच आहे. जपानी खुणेत ^_^ डोळे हसतात, अमेरिकन खुणेत :) ओठ वळतात. तेव्हा तुम्ही मनापासून डोळ्यांनी हसलात तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नसेल. दात दाखवायची गरज नाही, पण ओठांचे दोन्ही कोपरे वर गेलेले दिसले पाहिजेत.

इथे एक साधी गोष्ट नेहमी राहून जाते, ती म्हणजे मिशी. दाट मिशी वरच्या ओठावर उतरली असेल किंवा टोकांना खाली वळलेली असेल, तर ओठांचे कोपरे तिच्यात बुडतात. हसलात तरी दुरून चेहरा खाली ओढलेलाच दिसतो. कंपनीच्या नियमात मिशी बसत असली तरी ती ओठाच्या रेषेच्या वर आणि कोपऱ्यांच्या आत कापून घ्या. एवढ्याने बराच फरक पडतो.

दुसरी गोष्ट कपाळाची. एखादा चेहरा काहीही मनात नसताना रागीट दिसतो, तेव्हा बहुधा भुवयांची आतली टोकं डोळ्यांच्या जवळ आलेली असतात. काहींची ठेवणच तशी असते. पण अनेकदा कारण साधं असतं: केबिनची यादी वाचायला, लांबचा नंबर ओळखायला डोळे बारीक करायची सवय. भुवया आखडणारा स्नायू रागातही तोच आणि निरखून वाचतानाही तोच, बघणाऱ्याला फरक कळत नाही. त्यात कॉरिडॉरचे दिवे डोक्यावर असतात, त्यामुळे पुढे आलेल्या भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि डोळे खोल, कडक दिसतात. म्हणून पुढच्या कॉन्ट्रॅक्टआधी डोळे तपासून घ्या. चष्मा लागला तर वापरा. यादी वाचायची असेल तर ट्रॉलीपाशी थांबून वाचा, वाचून झालं की मान वर करा आणि भुवया मुद्दाम सैल सोडा. चालता चालता कागदात बघणारा माणूस समोरच्याला नेहमी त्रासलेला वाटतो.

आता कॉरिडॉर. हॉटेलवाल्यांचा दहा-पाचचा नियम तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितला असेल: पाहुणा दहा फुटांवर आला की नजर मिळवा आणि हसा, पाच फुटांवर आला की बोला. नियम चांगला आहे, पण तो एका जागी उभ्या माणसाला सोयीचा आहे, आणि आपल्या मुलांची चूक नेमकी इथेच होते. हिशेब करून पाहा. साधारण चालीने माणूस सेकंदाला चार ते साडेचार फूट चालतो. तुम्ही ट्रॉलीपाशी उभे असाल तर पाहुण्याला दहा फूट पार करायला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात नजर, हसू आणि दोन शब्द आरामात बसतात. पण तुम्हीही समोरून चालत असाल तर अंतर दुप्पट वेगाने तुटतं. दहा फूट उरले तेव्हा हातात एक-सव्वा सेकंद असतो. तेवढ्यात घाईने आणलेलं हसू पूर्ण उमलायच्या आत पाहुणा शेजारून निघून जातो. तुम्हाला वाटतं आपण हसलो, त्याला काहीच दिसलेलं नसतं.

म्हणून दोन वेगवेगळी अंतरं धरा. उभे असाल तर दहा फूट. चालत असाल तर वीस फूट, म्हणजे साधारण दोन केबिनच्या दारांइतकं अंतर आधी. त्याहून लवकर सुरू करू नका. बोटीचा कॉरिडॉर लांबलचक आणि सरळ असतो, पाहुणा शंभर फुटांवरूनही दिसतो. तिथपासून त्याच्याकडे बघत हसत आलात तर हसू शिळं होतं आणि त्यालाही कुठे बघावं ते कळत नाही. लांब असताना एकदा ओझरतं पाहा, मग नजर कामाकडे किंवा दाराच्या नंबरांकडे न्या, आणि वीस फुटांच्या आसपास पुन्हा वर करा.

त्या दोन सेकंदांत काय करायचं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की हसू खोटं वाटतं. आधी मान वर येते आणि नजर मिळते. लगेच भुवया क्षणभर उचलल्या जातात आणि खाली येतात. ओळख पटल्याची ही खूण जगात बऱ्याच ठिकाणी सापडते आणि ती इतकी झटपट होते की ती झाल्याचं करणाऱ्यालाही कळत नाही. गंभीर चेहऱ्याच्या माणसाला तिचा मोठा फायदा होतो, कारण भुवया वर गेल्या की कपाळावरचा राग पुसला जातो. मग ओठांचे कोपरे हळूहळू वर जातात. हळूहळू हे महत्त्वाचं. झटकन लागणारं हसू बनावट वाटतं आणि सावकाश उमलणारं खरं वाटतं, हे प्रयोगांतही दिसून आलं आहे. मग "गुड मॉर्निंग". मग नजर बाजूला.

शेवटचा टप्पा सर्वांत जास्त चुकतो. पाहुणा खांद्याशी आला की अनेक जण हसू एकदम टाकून देतात, चेहरा पहिल्यासारखा दगडी होतो. तुम्हाला वाटतं तो पुढे गेला. पण त्याची बायको दोन पावलं मागे असते, समोरच्या केबिनचं दार उघडं असतं, लिफ्टपाशी आरसा असतो. ज्याने ते हसू पडताना पाहिलं त्याच्या मनात तुम्ही खोटे ठरलात, आणि हे न हसण्यापेक्षा वाईट. पाहुणा मागे गेल्यावर मनात एक-दोन मोजेपर्यंत चेहरा तसाच राहू द्या, मग आपोआप ओसरू द्या.

केबिनच्या दारात वेगळी अडचण येते. तुम्ही टॉवेलांचा गठ्ठा घेऊन वाकलेले असता, पाहुणा अचानक दार उघडतो, आणि तुम्ही अदबीने मान खाली घालून बाजूला होता. घरी हे मानाचं लक्षण. त्याला दिसतं ते असं की माणसाने मला टाळलं. बाजूला व्हाच, पण होताना चेहरा त्याच्याकडे राहू द्या. पाय बाजूला, चेहरा समोर. नाव माहीत असेल तर नाव घ्या, "गुड मॉर्निंग, मिस्टर अमुक". गंभीर चेहऱ्याच्या माणसाने नाव घेऊन केलेलं अभिवादन कोऱ्या चेहऱ्यावरून होणारा गैरसमज बऱ्यापैकी भरून काढतं, कारण नाव लक्षात ठेवणाऱ्याला कुणी तुसडा म्हणत नाही. पहिल्या दिवशी केबिनची यादी मिळते तेव्हाच आडनावं आणि त्यांचे उच्चार पाठ करा.

आता तक्रार. माझ्या मते तुमच्या तीन शेऱ्यांपैकी निदान एक इथून आला असावा. 'रागावल्यासारखा' हे बहुधा कॉरिडॉरवरून लिहिलं जातं, 'अनफ्रेंडली' मात्र पुष्कळदा तक्रारीच्या प्रसंगावरून. एक नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. सकाळी नऊची वेळ. पाहुणी दारात उभी आहे, सांगतेय की काल रात्रीपासून एसी थंड करत नाही, झोप झाली नाही, आणि हे तिने काल संध्याकाळीही सांगितलं होतं. मुलगा हे ऐकत असताना त्याच्या शरीरात चार गोष्टी घडतात. डोळे खाली जातात, कारण समोरचा चिडला असताना त्याच्या डोळ्यांत बघणं आपल्याकडे उर्मटपणा. ओठांवर बारीकसं हसू येतं, कारण चूक आपल्या माथी आली की अवघडलेपण झाकायला आपण हसतो. मान डावी-उजवीकडे किंचित झुलते, म्हणजे आपल्या हिशेबाने "हो, कळलं". आणि तोंडातून काही येत नाही, कारण मोठ्या माणसाचं बोलणं मध्ये तोडायचं नसतं.

ही चारही लक्षणं आपल्याकडे मिळून "माफ करा" म्हणतात. पाहुणीला दिसतं ते असं: हा माझ्याकडे बघत नाही, माझ्या त्रासाला हसतोय, मान धड हो म्हणत नाही धड नाही, आणि उत्तरही देत नाही. एकेक लक्षण सुटं आलं असतं तर चाललं असतं. चारही एकत्र आली की तिच्या लेखी तो पुरा अपमान होतो. मुलाच्या मनात त्या क्षणी खरी शरम असते आणि तीच तिला तुच्छता म्हणून पोचते. हे बदलण्यासारखं आहे, आणि बदललंच पाहिजे, कारण यात चांगल्या मुलांचं नुकसान होतं.

तेव्हा तोच प्रसंग असा घ्या. तिने दार उघडलं तेव्हा नेहमीचं हसू चालेल. तिने "एसी" म्हटलं की हसू पूर्ण उतरवा, अर्धवटही ठेवू नका. भुवयांची आतली टोकं जरा वर जाऊ द्या. काळजी वाटते तेव्हा त्या आपोआप जातात तशाच. नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवा. थेट डोळ्यांत बघणं जड जात असेल तर दोन भुवयांच्या मधल्या जागेकडे पाहा, समोरच्याला फरक कळत नाही. ती वाक्य संपवते तिथे मान एकदाच वर-खाली हलवा, स्पष्ट आणि सावकाश. डावी-उजवीकडची झुलती मान बोटीवर पूर्ण बंद करा, ती आपल्या देशाबाहेर फार कमी लोकांना वाचता येते. तिचं बोलणं पुरतं संपलं की आधी तिच्या त्रासाबद्दल एक वाक्य: "आय ॲम सॉरी यू कुडन्ट स्लीप, मॅम." मग काय करणार आणि किती वेळात: "आय विल कॉल द टेक्निशियन नाऊ. आय विल कम बॅक इन ट्वेंटी मिनिट्स अँड टेल यू." वीस मिनिटांनी खरंच परत जा, काम झालं नसलं तरी जा आणि सांगा. हसू पुन्हा आणायची जागा शेवटी, ती "थँक यू" म्हणेल तेव्हा. तिच्या आधी तुम्ही हसलात तर विषय झटकल्यासारखा वाटतो.

हे वाचताना अवघड वाटेल, पण शिकवताना असं दिसतं की कॉरिडॉरमधलं हसू आणण्यापेक्षा तक्रारीतलं हसू घालवणं जास्त कठीण जातं. ते हसू आपण करत नाही, ते आपोआप होतं. ते थांबवायची एकच युक्ती बऱ्यापैकी चालते: अवघडलेपणा जाणवला की जीभ खालच्या दातांच्या मागे टेकवा आणि नाकाने सावकाश श्वास सोडा. जबडा सैल पडतो आणि ओठांचे ताणलेले कोपरे खाली येतात.

हे सगळं अमेरिकन पाहुण्यांसाठी. प्रत्येक देशाच्या माणसासमोर हेच केलंत तर दुसऱ्या बाजूने चुकाल. आपल्या गोव्यातच याचं उदाहरण आहे. मोरजी, आश्वे, हरमल भागात अनेक वर्षं रशियन पर्यटक येतात, आणि तिथल्या शॅकवर काम करणाऱ्या पोरांची ठरलेली तक्रार असते की हे लोक घुमे, हसतच नाहीत, ऑर्डर देतात तीही हुकूम दिल्यासारखी. म्हणजे तुमच्याबद्दल अमेरिकन पाहुण्याने जे लिहिलं तेच आपली मुलं रशियनांबद्दल म्हणतात. रशियन भाषेत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की कारणाशिवाय हसणं हे मूर्खपणाचं लक्षण. आपल्या आजीला ती लगेच पटेल. रशियन माणूस ओळखीच्यांत भरपूर हसतो. अनोळखी वेटरकडे बघून हसायचं त्याला कारण दिसत नाही, आणि वेटर सारखा हसत राहिला तर हा मला काही विकायला बघतोय असा संशय येतो. २०१८ साली रशियात फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला तेव्हा परदेशी प्रेक्षकांसाठी तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना मुद्दाम हसायचं प्रशिक्षण दिलं गेलं होतं. तुमची अडचण एकट्या तुमची नाही ती अशी.

२०१६ साली ४४ संस्कृतींमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लोकांना एकाच माणसाचे हसरे आणि न हसणारे फोटो दाखवले होते. कुठे हसरा चेहरा अधिक हुशार वाटला, कुठे कमी हुशार. जिथे भ्रष्टाचार जास्त, तिथे हसऱ्या माणसावरचा विश्वासही कमी भरला. म्हणून रशियन किंवा पूर्व युरोपातला पाहुणा असेल तर हसू लहान ठेवा, नजर मिळवा, काम चोख आणि झटपट करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो स्वतः हसेल, तेव्हा तुम्हीही हसा. जर्मन पाहुण्याला कॉरिडॉरमध्ये मान हलवून केलेलं "गुड मॉर्निंग" पुरतं, हसू त्याहून मोठं असायची गरज नाही. जपानी पाहुण्याला मान झुकवून केलेलं अभिवादन मोठ्या हसण्यापेक्षा जास्त कळतं, आणि तिथे तुमचे डोळ्यांनी हसणं अगदी बरोबर पोचतं. कुठून आलेत ते कळत नसेल तर अमेरिकन पद्धतीचं पण छोटं हसू द्या आणि समोरून काय येतं ते पाहा. दुसऱ्या दिवशी तेवढंच परत करा.

घरी आहात तोवर सराव करा. आरशासमोर करू नका. आरशात आपण स्वतःकडे बघत असतो, तेव्हा चेहरा वेगळाच होतो. घरातल्या लांब व्हरांड्यात किंवा गल्लीत मोबाइल एका टोकाला छातीच्या उंचीवर ठेवा, व्हिडिओ सुरू करा आणि वीस फुटांवरून त्याच्या दिशेने नेहमीच्या चालीने या. एकदा काही न करता, एकदा वर सांगितलेल्या क्रमाने. मग दोन्ही व्हिडिओ आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा जो तुम्हाला ओळखत नाही, आणि एवढंच विचारा: "ह्याचा मूड कसा आहे?" घरच्यांना विचारून उपयोग नाही, ते तुमचा चेहरा वर्षानुवर्षं वाचतात. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिलात तर हसू नेमकं कितव्या फुटावर दिसायला लागतं तेही कळेल. बहुतेकांचं पाच फुटांच्या आत आल्यावर दिसतं, आणि चूक तिथेच असते. पाठीवर पिशवी आणि हातात बादली घेऊनही करून पाहा, कारण वजन उचललं की जबडा आवळला जातो आणि चेहरा बदलतो.

तुम्ही लिहिलंय की दिवसभर खोटं हसणं जमत नाही. ते जमवू नयेच. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं तासन् तास धरून ठेवलं की माणूस आतून थकतो. विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी हे १९८३ सालीच दाखवून दिलं. तुमचं हसू भेटीपुरतं आहे. क्रूच्या दारातून आत गेलात की चेहरा मोकळा सोडा, तिथे कुणी शेरा लिहीत नाही. आणि भेटीपुरतं हसतानाही पाहुण्याबद्दल एखादी खरी गोष्ट डोळ्यांसमोर आणा: काल याच्या नातवाने टॉवेलचा हत्ती जपून ठेवला होता, या आजींना चालताना त्रास होतो तरी रोज डेकवर जातात. मग हसू ओढून आणावं लागत नाही.

झोपेचंही पाहा. कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या महिन्यांत चेहरा पडतो तो अनेकदा निव्वळ थकव्याने. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. नोंदवहीत ती दिसते पण प्रत्यक्षात मिळत नसेल, तर तो चेहऱ्याचा प्रश्नच नाही, तो वेळेवर वरिष्ठांना सांगण्याचा प्रश्न आहे.

तुमच्यासोबत मुली काम करत असतील तर त्यांना एक गोष्ट वेगळी लागते. काही पुरुष पाहुणे हसण्याचा वेगळा अर्थ काढतात. त्यांनी अभिवादन तसंच करावं, पण नजर आधी काढून घ्यावी आणि हसू मागाहून ओसरू द्यावं, खांदे ट्रॉलीकडे वळलेले असावेत, आणि पाहुणा आत असताना केबिनमध्ये जायची वेळ आलीच तर दार उघडं आणि ट्रॉली दारात हवी. तरीही कोणी मर्यादा ओलांडली तर त्याच क्षणी बाहेर पडून सुपरवायझरला कळवावं. तिथे हसण्याचा नियम लागू नाही.

नव्या बोटीवर चढल्यावर पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुपरवायझरला "मी कसा वाटतो?" असं विचारू नका, त्याला "ठीक" एवढंच उत्तर मिळतं. विचारा की कुठल्या डेकवर, किती वाजता, मी काय करत असताना चेहरा कडक दिसला. शेरा आला तरी तारीख आणि केबिन नंबर मागून घ्या. त्या वेळी हातात यादी होती का, ट्रॉली ढकलत होतात का, आदल्या रात्री झोप किती झाली होती, हे आठवून वहीत लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की तुमचा चेहरा नेमका कुठल्या कामात आखडतो ते सापडेल, आणि सुधारायचं तेवढंच आहे.